वजावट आणि रेंज : दोन गाऱ्हाण्यांचे दोन अर्ज

कल्याण-डोंबिवलीच्या पट्ट्यातील ज्या सहकारी गृहनिर्माण संस्थेचे चिटणीसपद काही काळ माझ्याकडे होते, तिच्या दफ्तरात एका मोबाइल कंपनीस धाडावयाच्या तक्रारअर्जाचा एक कच्चा मसुदा अद्याप पडून आहे. संस्थेतील एका निवृत्त मुख्याध्यापिकाबाईंनी तो स्वहस्ते, सुवाच्य अक्षरांत लिहिलेला असून त्याची सुरुवात अशी आहे : “आपल्या कंपनीने गोरगरीब ग्राहकांची राजरोस लूट चालविली आहे. शंभर रुपये भरले तर शंभर मिळत नाहीत, मिळतात तेही आपोआप कापले जातात, आणि एवढे करून आमच्या इमारतीत रेंज मुळीच नसते.” भाषा शुद्ध, संताप रास्त, आणि अर्ज म्हणून पाहिले तर हा मसुदा जवळजवळ निरुपयोगी. याचे कारण असे की या तीन ओळींत तीन निरनिराळी गाऱ्हाणी एकमेकांत मिसळली आहेत. त्यांतील पहिले मुळात गाऱ्हाणेच नव्हे, दुसऱ्याची दाद हमखास लागू शकते, आणि तिसऱ्याची दाद लावून घेण्याचा मार्ग अगदी वेगळ्या दिशेने जातो.

शिलकीतून पैसे जाणे ही एका ग्राहकाची, एका क्रमांकाची आणि दिनांक-वेळेनिशी सिद्ध करता येणारी बाब आहे; तिची प्रत्येक नोंद कंपनीच्या स्वतःच्याच दफ्तरात असते आणि तिच्या निकालासाठी नियमांत मुदत घातलेली आहे. रेंज नसणे ही याउलट जागेची बाब आहे. ती एकाची नसून त्या जागी राहणाऱ्या सर्वांची असते, तिची नोंद तक्रारदारानेच जमवावी लागते, आणि अमुक घराच्या अमुक खोलीत नेटवर्क मिळालेच पाहिजे असे सांगणारा कायदा आपल्याकडे नाही. दोन्ही गोष्टी एकाच कागदावर मांडल्या की तो कागद कंपनीच्या कोणत्या तरी एकाच खात्याकडे जातो. ते खाते आपल्यापुरत्या भागाचे उत्तर देऊन, बहुधा “आपल्या परिसरातील नेटवर्क समाधानकारक आहे” असे एक वाक्य लिहून, तक्रार निकाली काढते, आणि कापलेल्या रकमेचा प्रश्न त्या वाक्याखाली गाडला जातो. म्हणून बाईंच्या त्या मसुद्याचे आम्ही प्रथम दोन अर्ज केले. आणि तत्पूर्वी त्यातील पहिले गाऱ्हाणे काढून टाकले.

ते का काढले, हे सांगणे अगत्याचे आहे, कारण पुष्कळ अर्ज येथेच लंगडे पडतात. शंभर रुपयांचा टॉप-अप भरला असता ८१ रुपये ७५ पैसे जमा होतात, आणि उरलेले १८ रुपये २५ पैसे कंपनीने गिळले असा समज होतो. वास्तविक त्या शंभरांत अठरा टक्के वस्तू व सेवा कर अंतर्भूत असतो; शंभरास १.१८ ने भागले की ८४ रुपये ७५ पैसे उरतात, म्हणजे १५ रुपये २५ पैसे सरकारजमा होतात. त्यानंतर प्रक्रिया शुल्क म्हणून, रकमेच्या दहा टक्के किंवा तीन रुपये यांपैकी जे कमी असेल तेवढे, घेण्याची मुभा कंपनीस आहे. येथे ते तीन रुपये भरले. दहा रुपयांच्या भरण्यावर ७ रुपये ४७ पैसेच हाती येतात तेही याच हिशेबाने. ज्या अर्जाचे पहिले गाऱ्हाणेच हिशेबात चुकलेले आहे, त्याच्या पुढच्या वाक्यांवर वाचणाराचा विश्वास बसत नाही, आणि वाचणारास तर विश्वास न बसण्याचे निमित्तच हवे असते.

खरी वजावट ही नंतर सुरू होत होती. बाईंच्या फोनवर दररोज सकाळी तीन रुपये कमी झाल्याचा एक इंग्रजी संदेश येत असे आणि असंख्य जाहिरातींच्या गर्दीत तो न वाचताच राहून जाई. ८१ रुपये ७५ पैशांतून रोज तीन रुपये जाऊ लागले की सत्ताविसाव्या दिवशी पाऊण रुपया उरतो. बाई पुन्हा शंभर रुपये भरीत आणि तेच चक्र पुन्हा सुरू होई. दर दिवशीची रक्कम इतकी लहान, आणि वजावटीची वेळ इतक्या पहाटेची, की ती कोणाच्या नजरेस येऊ नये अशीच तिची योजना असावी, असे मला तरी वाटल्यावाचून राहिले नाही. चौकशी करता ती ‘गेम्स’ या नावाने नोंदलेली एक मूल्यवर्धित सेवा निघाली.

अशी सेवा ग्राहकाच्या नकळत कशी चिकटते, हे समजून घेतल्यावाचून अर्जात काय मागावे हे कळत नाही. बाईंचा नातू सुट्टीत त्यांच्या फोनवर खेळ खेळत असे. खेळाच्या मध्येच पडदा व्यापून टाकणारी जाहिरात येई आणि ती घालविण्यासाठी तो दिसेल त्या बटणावर बोट ठेवी. फोन जेव्हा कंपनीच्या मोबाइल डेटावर चालत असतो, तेव्हा हा ग्राहक कोण आणि त्याचा क्रमांक कोणता हे नेटवर्कास ठाऊकच असते. त्यामुळे त्या पानास क्रमांक विचारावा लागत नाही, गुप्त अंक मागावे लागत नाहीत, आणि वर्गणी थेट शिलकीतून वसूल करता येते. घरच्या वाय-फायवर हीच जाहिरात दाबली असता क्रमांक आपोआप ओळखता येत नाही, म्हणून बहुतेक प्रकरणांचा उगम मोबाइल डेटा चालू असताना पडलेल्या एखाद्या बोटात सापडतो. कॉलर ट्यूनचेही असेच : दुसऱ्याची धून ऐकताना चांदणीचे बटण दाबले गेले की ती आपल्या क्रमांकावर उतरविण्याची कारवाई सुरू होते.

या प्रकारास आळा घालण्यासाठी भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ट्रायने, १० जुलै २०१३ रोजी असे निर्देश काढले की मूल्यवर्धित सेवा सुरू करताना ग्राहकाची संमती एकदा नव्हे, दोनदा घ्यावी. आणि दुसरी संमती सेवा विकणाराच्या पानावर न घेता त्याहून स्वतंत्र असलेल्या यंत्रणेतून घेऊन तिची नोंद ठेवावी. नको असलेली सेवा बंद करण्यासाठी १५५२२३ हा निःशुल्क क्रमांक सर्व कंपन्यांना समान ठेवण्यात आला. तात्पर्य, “मी ही सेवा मागितली नव्हती” एवढे म्हणून अर्जदाराने थांबावयाचे नसते. “माझी दुसरी संमती कोणत्या दिवशी, किती वाजता, कोणत्या मार्गाने मिळाली याची नोंद दाखवा” असे म्हणावयाचे असते, म्हणजे पुराव्याचे ओझे ज्याच्या दफ्तरात पुरावा असावयास हवा त्याच्या खांद्यावर जाते.

अर्जाआधी दोन कागद हाती असावे लागतात. पहिला म्हणजे तक्रार क्रमांक. कस्टमर केअरला फोन केल्यावर तेथील मुलगी कितीही गोड शब्दांत “आपली अडचण नोंदवून घेतली आहे” असे म्हणाली, तरी जोवर क्रमांक दिला गेला नाही तोवर नियमांच्या दृष्टीने तक्रार जन्मासच आलेली नसते. २०१२ च्या तक्रार निवारण विनियमांनुसार प्रत्येक तक्रारीस असा क्रमांक देऊन तो संदेशाने कळविणे कंपनीस बंधनकारक आहे. दुसरा कागद म्हणजे तपशीलवार वापराचा उतारा. प्रीपेड ग्राहकास बिल येत नाही, म्हणून हिशेबही मिळत नाही असा सार्वत्रिक समज आहे. परंतु मागील सहा महिन्यांतील वापराचा बाबवार तपशील पन्नास रुपयांहून अधिक आकार न घेता प्रीपेड ग्राहकासही दिला पाहिजे, असा नियम २०१२ पासून आहे. दुकानातील मंडळींना हा नियम बहुधा माहीत नसतो, म्हणून ही मागणी तोंडी न करता लेखी करावी. त्या उताऱ्यात प्रत्येक वजावटीसमोर तारीख, वेळ आणि सेवेचे नाव छापलेले असते, आणि त्याच्यापुढे संतापाच्या दहा विशेषणांची गरज उरत नाही.

बाईंचा अर्ज अखेरीस असा झाला :

“विषय : संमतीवाचून सुरू केलेल्या सेवेपोटी झालेल्या वजावटीचा परतावा मिळणेबाबत. महोदय, उपरोक्त प्रीपेड क्रमांक माझ्या नावे असून सोबत जोडलेल्या उताऱ्यात खूण केलेल्या प्रत्येक दिवशी ‘गेम्स’ या सेवेपोटी तीन रुपये कापण्यात आले आहेत. ही सेवा मी मागितलेली नाही. सबब (१) सेवा तात्काळ बंद करावी. (२) सेवा सुरू करताना घेतलेल्या दोन्ही संमतींची दिनांक, वेळ व माध्यम यांसह नोंद मला लेखी द्यावी. (३) तशी नोंद नसल्यास खूण केलेली संपूर्ण रक्कम जमा करावी. याबाबतची तोंडी तक्रार पूर्वी नोंदविली असून तिचा क्रमांक व त्याचा संदेश सोबत जोडला आहे.”

एवढेच. लूट नाही, गोरगरीब नाहीत, रेंजही नाही. अर्ज सिमकार्ड ज्याच्या नावे आहे त्याच्याच सहीने गेला पाहिजे, ही गोष्ट क्षुल्लक वाटते. परंतु आई-वडिलांचा फोन मुलाच्या नावे असलेल्या आपल्या घरांत नेमक्या याच कारणाने अर्ज परत येतात. आकारणीविषयक तक्रारींच्या निवारणास साधारणतः चार आठवडे, आणि फार तर सहा आठवडे, लागावेत अशी अपेक्षा नियमांनी घातलेली आहे. आमच्या प्रकरणी पहिले उत्तर “सेवा ग्राहकाच्या विनंतीवरून सुरू करण्यात आली” असे एका ओळीचे आले. त्यावर आम्ही नवा वाद न घालता कंपनीच्याच अपील प्राधिकाऱ्याकडे अपील केले, आणि त्यात दुसऱ्या मुद्द्याचे उत्तर मिळालेले नाही एवढेच निदर्शनास आणले. संमतीची नोंद शेवटपर्यंत आली नाही. रक्कम मात्र जमा झाली.

आता रेंजचा अर्ज. येथे पहिली अडचण अशी की ‘रेंज नाही’ हे विधान कंपनीचा अभियंता जुमानत नाही, कारण फोनच्या पडद्यावरील दांड्या किती दाखवावयाच्या हे प्रत्येक फोन बनविणारा आपापल्या मर्जीने ठरवितो. एकाच ठिकाणी एका फोनवर तीन दांड्या आणि दुसऱ्यावर एक, असे दिसू शकते. अभियंत्यास कळते ती भाषा डीबीएमची. अँड्रॉइड फोनच्या सेटिंगमध्ये फोनविषयीच्या माहितीत सिमची स्थिती पाहिली असता, किंवा पुष्कळशा फोनवर `*#*#4636#*#*` हे अंक टंकित केले असता, `-97 dBm` यांसारखा ऋण आकडा दिसतो. हा आकडा शून्याच्या जितका जवळ तितका संकेत बलवान. फोर-जीसाठी उणे ९० च्या आत असेल तर निश्चिंत बोलता येते. उणे ११० च्या पलीकडे गेला की आवाज तुटू लागतो, आणि उणे १२० च्या सुमारास फोन जिवंत असूनही नेटवर्क मृत होते. हे माप साधे नसून गुणाकाराचे आहे, ही गोष्ट विसरू नये : दहा एककांनी आकडा घसरला की संकेताची शक्ती दशांश होते. आमच्या संस्थेच्या प्रवेशद्वाराशी उणे ८४ आणि ब विंगच्या मागील सदनिकांत चौथ्या मजल्यावर उणे ११४ असे आकडे मिळाले. तीस एककांचा हा फरक म्हणजे दारात पोहोचणाऱ्या शक्तीचा केवळ हजारावा भाग त्या स्वयंपाकघरांत पोहोचत होता.

असे आकडे सकाळी, दुपारी आणि रात्री, निदान दोन भिन्न बनावटींच्या फोनवर, प्रत्येक विंगच्या ठरलेल्या जागी उभे राहून घ्यावेत, आणि तारखेनिशी एका तक्त्यात मांडावेत. तक्ता बोलू लागतो. रात्रंदिवस सर्वत्र आकडे वाईट असतील तर जवळचा एखादा टॉवर बंद पडला किंवा हटविला गेला असावा. वीज गेल्यानंतर काही वेळाने ते कोसळत असतील तर टॉवरच्या बॅटऱ्या निकामी झाल्या असाव्यात. आकडे चांगले असूनही संध्याकाळी इंटरनेट रांगत असेल तर दोष व्याप्तीचा नसून गर्दीचा असतो. आणि आकडे चांगले असून फोन लागतच नसतील तर एखाद्या दुकानदाराने बसविलेल्या खासगी ‘बूस्टर’चा संशय घ्यावा. परवान्यावाचून असे यंत्र बसविणे हा आपल्याकडे गुन्हा आहे, कारण एकाच्या दुकानात रेंज आणताना ते आसपासच्या टॉवरच्या कानात अखंड गोंगाट ओतत राहते.

येथे कायद्याची मर्यादाही स्पष्ट सांगितली पाहिजे. नेटवर्क पसरविण्याची जी बंधने परवान्यांत असतात, त्यांची तपासणी शहरांत रस्त्याच्या पातळीवर होते. सळईकाँक्रीटच्या भिंतीआडची शयनगृहे तीत येत नाहीत. १ ऑक्टोबर २०२४ पासून अमलात आलेल्या सेवा-गुणवत्तेच्या नव्या विनियमांत नेटवर्क ठप्प झाल्यास पोस्टपेड ग्राहकास भाड्यात सूट आणि प्रीपेड ग्राहकास मुदतवाढ देण्याची तरतूद झाली खरी. परंतु ती संपूर्ण जिल्ह्याचे नेटवर्क चोवीस तासांहून अधिक काळ बंद पडले तर. एका संस्थेच्या एका विंगचे मरण तीत मोजले जात नाही. त्यापूर्वी, तुटलेल्या प्रत्येक कॉलमागे एक रुपया आणि दिवसाकाठी जास्तीत जास्त तीन रुपये भरपाई देण्याचा जो नियम ट्रायने २०१५ साली केला होता, तो सर्वोच्च न्यायालयाने मे २०१६ मध्ये रद्दबातल ठरविला. म्हणून रेंजच्या अर्जात भरपाई मागणे बहुधा व्यर्थ असते. मागावयाचे ते स्पष्टीकरण आणि दुरुस्ती.

मात्र त्याच २०२४ च्या विनियमांनी अर्जदाराच्या हाती एक चांगले शस्त्र दिले आहे. प्रत्येक कंपनीने आपली टू-जी, फोर-जी, फाइव्ह-जी सेवा कोठे कोठे पोहोचते याचा नकाशा आपल्या संकेतस्थळावर प्रसिद्ध केला पाहिजे. त्या नकाशात आपली संस्था रंगविलेल्या भागात येते की नाही हे पाहावे आणि त्या पानाची छापील प्रत तक्त्यासोबत जोडावी. कंपनीचा नकाशा सेवा आहे म्हणतो आणि तक्ता नाही म्हणतो, या दोहोंतील विसंगती कंपनीनेच उलगडून दाखवावी लागते, आणि “नेटवर्क समाधानकारक आहे” हे ठरीव वाक्य तेथे चालत नाही.

हा अर्ज संस्थेच्या छापील कागदावर, व्यवस्थापक समितीच्या ठरावाचा उल्लेख करून, आणि त्याच कंपनीचे ग्राहक असलेल्या सभासदांच्या सह्यांसह धाडावा. त्यात रेंज कोणत्या महिन्यापासून बिघडली हे अवश्य लिहावे, कारण पूर्वी होती आणि आता नाही या विधानास, मुळातच नव्हती या विधानापेक्षा अभियंत्यांच्या लेखी अधिक वजन असते. आमच्या अर्जास आलेल्या उत्तरात कंपनीने कबूल केले की शेजारच्या इमारतीवरील टॉवरचा करार संपल्यामुळे तो उतरविण्यात आला आहे. येथे एक अप्रिय गोष्ट नमूद केली पाहिजे : नवा टॉवर आमच्याच गच्चीवर उभारण्याची तयारी कंपनीने दाखविली, तेव्हा ज्या सभासदांनी अर्जावर मोठ्या उत्साहाने सह्या केल्या होत्या, त्यांपैकीच बऱ्याच जणांनी किरणोत्सर्गाचा प्रश्न काढून सर्वसाधारण सभेत तो प्रस्ताव हाणून पाडला. भारताने सप्टेंबर २०१२ पासून टॉवरच्या उत्सर्जनाची मर्यादा आंतरराष्ट्रीय शिफारशीच्या दशांशावर आणून ठेवली होती, हे सभेत कोणी ऐकून घेतले नाही. अखेर दूरच्या एका टॉवरची दिशा थोडी वळविण्यात आली. पुढच्या सदनिका सुधारल्या, आणि ब विंगची मागची बाजू आजही वाय-फाय कॉलिंगवर भागविते.

पहिल्या अर्जाने दाद लागली नाही तर पुढची पायरी कंपनीच्याच अपील प्राधिकाऱ्याची. निवारणाची मुदत संपल्यापासून तीस दिवसांत अपील करावे. त्यास शुल्क नाही, आणि एकोणचाळीस दिवसांत त्याचा निकाल लागला पाहिजे. त्याचा पत्ता कंपनीच्या ग्राहक सनदेत छापलेला असतो. पण तो आपल्या परिमंडळाचा आहे याची खातरजमा करावी, कारण नवी मुंबई व कल्याणचा भाग मुंबई परिमंडळात मोडतो, आणि उर्वरित महाराष्ट्र व गोवा मिळून दुसरे परिमंडळ होते. ट्रायकडे धाव घेण्यात मात्र अर्थ नाही. एकेका ग्राहकाच्या तक्रारीचा निवाडा करण्याचा अधिकारच त्या संस्थेस नाही. टेलिफोनचे तंटे ग्राहक न्यायालयात चालत नाहीत असे २००९ च्या एका निर्णयाच्या आधारे वर्षानुवर्षे सांगितले गेले. परंतु १६ फेब्रुवारी २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने खासगी मोबाइल कंपनीविरुद्धची तक्रार ग्राहक आयोगापुढे चालू शकते असा निर्वाळा दिला आहे. आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहारास शुल्क पडत नाही. रेंजच्या बाबतीत आणखी एक दार आहे, जे गृहनिर्माण संस्थांना सहसा ठाऊक नसते : दूरसंचार तंटा निवारण न्यायाधिकरण एकट्या ग्राहकाचे गाऱ्हाणे ऐकत नाही, परंतु ग्राहकांच्या समूहाचा कंपनीशी असलेला तंटा त्याच्या कक्षेत येतो. ते दिल्लीस बसते, तेव्हा त्याचा खर्च-व्याप ध्यानात घेऊनच तिकडे वळावे.

शेवटी, `PORT` आणि त्यापुढे जागा सोडून आपला मोबाइल क्रमांक असा संदेश १९०० वर धाडून कंपनीच बदलण्याच्या बेतात जे आहेत त्यांच्यासाठी एक सूचना. रेंजच्या दुखण्यावर हा उपाय पुष्कळदा अर्जाहून लवकर गुण देतो, आणि शेजाऱ्याच्या फोनवर दुसऱ्या कंपनीचा आकडा चांगला दिसत असेल तर तो अवश्य करावा. परंतु क्रमांक दुसरीकडे गेला की प्रीपेड खात्यातील शिल्लक जुन्या कंपनीकडेच बुडते. वजावटीचा परतावा याच शिलकीत जमा होत असल्याने, तो हाती पडेपर्यंत क्रमांक हलवू नये.